पगार सोडण्याआधी दिवसाचा दर काढा

पुण्यातल्या एखाद्या एजन्सीत पाच वर्षं काम केलेल्या ग्राफिक डिझायनरच्या हातात महिन्याला 50 हजार पडतात, असं धरू. फ्रीलान्सिंगमध्ये तेवढेच मिळवून भागत नाही. कंपनी भरत होती तो भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, आरोग्यविमा, सॉफ्टवेअरचं भाडं आणि संगणकाची झीज आता स्वतःच्या खिशातून जाते. म्हणजे साधारण 70 हजार हवेत.

महिन्यात कामाचे दिवस 22 असले, तरी ग्राहक शोधणं, कोटेशन देणं, थकलेल्या बिलांचा पाठपुरावा यात बरेच जातात. पैसे मिळवून देणारे 12 दिवस धरले, तर दिवसाचा दर सहा हजारांच्या आसपास येतो. चार दिवसांच्या लोगोचे 24 हजार झाले. तुमचे ग्राहक 12 हजारांवरच अडत असतील, तर नोकरीच परवडते.

दर जमला तरी पैसे उशिरा येतात. म्हणून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, किती वेळा बदल करून देणार ते लेखी ठरवावं आणि मूळ फाइल शेवटचा हप्ता आल्यावरच द्यावी. सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक नसेल, तर राजीनामा लांबवावा.