एकाच पॉलिसीचा हप्ता दोनदा कापला, तर...

आत्याच्या आयुर्विम्याचा वार्षिक हप्ता २४,६०० रुपये, देय तारीख १० जून. मुदत चुकू नये म्हणून तिने ८ जूनला यूपीआयने पैसे भरले. दहा तारखेला खात्यातून पुन्हा तेवढेच गेले.

असं बहुतेकदा ऑटो डेबिटमुळे होतं. हप्ता खात्यातून आपोआप कापावा असं संमतिपत्र आपण कधीतरी बँकेला दिलेलं असतं. विमा कंपनी त्या वसुलीची यादी देय तारखेच्या काही दिवस आधीच बँकेकडे पाठवते. त्यानंतर आपण स्वतः हप्ता भरला, तरी यादीतलं नाव निघत नाही.

आत्याने कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. निवृत्तिवेतन, औषधांचा खर्च, झालेला मनस्ताप, सगळं त्यात होतं. व्यवहार क्रमांक मात्र नव्हता. उत्तर आलं, ‘जादा रक्कम पुढच्या हप्त्यासाठी जमा ठेवली आहे.’ म्हणजे तिचे पैसे वर्षभर कंपनीकडे अडकले. मग आम्ही दुसरं पत्र लिहिलं. वर पॉलिसी क्रमांक, आणि खाली एवढंच:

‘१० जून रोजी देय असलेला माझा २४,६०० रुपयांचा हप्ता दोनदा जमा झाला आहे. ८ जूनला यूपीआयने भरलेल्या रकमेची पावती सोबत आहे. १० जूनला ऑटो डेबिटने तेवढीच रक्कम पुन्हा कापली गेली. दोन्ही व्यवहारांचे क्रमांक खाली दिले आहेत. दुसरी रक्कम पुढील हप्त्यात वळती करण्यास माझी संमती नाही; ती सोबतच्या रद्द केलेल्या धनादेशावरील खात्यात परत करावी.’

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. ते पहिल्याच पत्रात हवं होतं. सोबत बँकेच्या उताऱ्याची प्रत जोडली, दोन्ही नोंदींखाली रेघ मारली. पत्र शाखेत देऊन आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. एजंटाला तोंडी सांगून ठेवणं म्हणजे तक्रार नव्हे.

दुसरी रक्कम कंपनीपर्यंत पोचलीच नसेल, तर मात्र प्रश्न बँकेचा. त्यासाठी आधी कंपनीच्या ग्राहक खात्यात जमा नोंदी पाहाव्यात. आणि रागाच्या भरात दोन्ही व्यवहार उलटवायला बँकेला सांगू नका. हप्ता न भरल्याची नोंद होऊन सवलतीची मुदत संपली, की पॉलिसीच बंद पडू शकते.

पत्राला दाद मिळाली नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावं. विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे तक्रार १४ दिवसांत निकाली निघायला हवी. नाहीच निघाली, तर नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत.

आत्याचे पैसे दुसऱ्या पत्रानंतर अकराव्या दिवशी खात्यात आले.