दोन पेले आणि दोन घागरी

टॅरो रीडरसमोर बसलेल्या माणसाच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो: "तो परत येईल का?" किंवा "ती परत येईल का?" वर्षानुवर्षं त्रास देणारं नातं तुटलं, वेगळी खोली घेतली, वकिलाकडच्या फेऱ्याही झाल्या, तरी ओठांवर पहिल्यांदा येतो तो हाच प्रश्न. अशा वेळी 'टेम्परन्स' आणि 'द स्टार' ही पानं निघाली की समोरच्याचा चेहरा उजळतो आणि घाईत असलेला रीडर सांगून मोकळा होतो की सगळं जुळून येणार. माझ्या मते हे वाचन साफ चुकीचं आहे. ही दोन्ही पानं सावरण्याची आहेत हे खरं, पण सावरायचं असतं ते माणसाने. नातं सावरेल असं त्यांत कुठेच काढलेलं नाही.

आज सर्वाधिक वापरात असलेला डेक लंडनमध्ये 1909 साली छापला गेला. कल्पना ए. ई. वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. एकूण 78 पानं, त्यातली 22 मोठी, म्हणजे मेजर अर्काना. या मोठ्या पानांचे क्रमांक इथे महत्त्वाचे आहेत. 13 वं पान मृत्यूचं, म्हणजे एका पर्वाच्या अंताचं. 14 वं टेम्परन्स. 15 वं सैतानाचं, त्यात एक पुरुष आणि एक स्त्री गळ्यात साखळ्या घालून उभे आहेत. 16 व्या पानावर वीज पडून मनोरा कोसळतो आणि त्यानंतर 17 वं येतं ते स्टार.

म्हणजे या दोन पानांच्या मध्ये साखळी आणि पडझड आहे. नातं संपल्यावर काही महिने माणूस शांत होतो, 'आता मी ठीक आहे' म्हणतो, आणि एका रात्री जुन्या नंबरवर मेसेज पाठवून पुन्हा तिथेच जाऊन अडकतो. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. म्हणूनच एकटं टेम्परन्स निघालं तर 'झालं, बरी झालीस' असं सांगायला मी धजावणार नाही. तोल सापडतो आहे, अजून टिकायचा आहे, एवढंच त्यावरून म्हणता येतं.

आता पानं जवळून पाहू. टेम्परन्सवर लाल पंखांचा देवदूत आहे. त्याचा एक पाय पाण्यात आणि एक काठावर. दोन्ही हातांत पेले, आणि एकातलं पाणी दुसऱ्यात चाललं आहे. मागे एक पायवाट डोंगरांकडे जाते. हे चित्र फार जुन्या कल्पनेतून आलं आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरो हा पत्त्यांचा खेळच होता, आणि तेव्हाही या पानावर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणारी बाई असे. दारूत पाणी घालून तिचा जोर कमी करणं ही त्या काळची संयमाची खूण.

त्रासाच्या नात्यातून आलेल्या माणसाला नेमकं हेच जड जातं. आज पायाशी लोळण, उद्या भांडी फेकणं, परवा फुलं, अशा चढउतारांची सवय झालेल्या मनाला शांत दिवस बेचव लागतो. नवा मित्र वेळेवर फोन करतो, वेळेवर घरी सोडतो, तर 'यात काही मजा नाही' असं वाटतं. टेम्परन्स त्या बेचव वाटणाऱ्या दिवसांचं पान आहे. जुन्या जोडीदाराचा मेसेज आला तर लगेच उत्तर न देता दुसऱ्या दिवशी, मुलांच्या शाळेपुरतं, दोन ओळींत द्यायचं. हे पान मी असं वाचते. त्याचा 'मध्यम मार्ग काढा, जुळवून घ्या' असा अर्थ लावणं मारहाण सोसलेल्या बाईच्या बाबतीत धोक्याचं आहे. दोन्ही पेले एकाच्याच हातात आहेत. जोडीदार या चित्रात नाहीच.

स्टारमध्ये देवदूत नाही, एक साधी, उघडी बाई आहे. एक गुडघा जमिनीवर, एक पाऊल पाण्यावर. हातांत दोन घागरी: एकीतलं पाणी तळ्यात जातं, दुसरीतलं जमिनीवर पडून ओहोळ होतं. वर एक मोठा तारा आणि भोवती सात लहान. मनोरा कोसळल्यानंतरचं हे पान असल्यामुळे तिच्या अंगावर काही उरलेलं नाही, लपवायलाही काही नाही. 'आमचं छान चाललंय' हे नाटक संपलं की पहिल्यांदा अशी मोकळीक येते. बहिणीला खरं काय ते सांगता येतं, रात्री दाराकडे कान न लावता झोप लागते. मात्र स्टार पहाट नव्हे. त्यानंतर 18 वा चंद्र आहे, धूसर आणि भीतीचा, आणि सूर्य उगवतो 19 व्या पानावर.

एक नमुना घेऊ. समजा, अकरा वर्षांच्या संसारातून बाहेर पडून दीड वर्ष झालेली एक बाई समोर आहे. आधी प्रश्न बदलून घ्यायचा. 'तो परत येईल का' याऐवजी 'माझं काय सांडलं, आता काय चाललं आहे, आणि कशाला जपू?' तीन जागा, तीन पानं. निघाली ती अशी: फाइव्ह ऑफ कप्स, टेम्परन्स, स्टार.

पहिल्या पानावर काळा झगा घातलेला माणूस तीन सांडलेल्या पेल्यांकडे पाहत उभा आहे. पाठीमागे दोन पेले सरळ उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत. मी तिला विचारेन, "ताई, हे मागचे दोन कोणते?" ती कदाचित म्हणेल, नोकरी आणि मुलगी. दुसऱ्या पानात तेच दोन पेले हातात आले आहेत, म्हणजे पगार आणि मुलीचा वेळ यांचं रोजचं गणित बसवणं सुरू आहे. तिसऱ्यात दोन घागरी मोकळ्या हाताने रित्या होतात, पण तळ्यात आधी आणि जमिनीवर नंतर असा क्रम चित्रात नाही, दोन्ही एकाच वेळी. मुलीसाठी करते तेवढंच स्वतःसाठीही. तिसऱ्या जागेचं उत्तर इथे आहे. 'वर्षअखेर लग्न जमेल' वगैरे त्यात शोधू नये.

तीन पानांत नेमकी ही दोन एकत्र यायची शक्यता 1001 मध्ये एक. ऐकून अंगावर काटा येतो खरा, पण कोणत्याही दोन ठरावीक पानांची शक्यता तेवढीच असते. पत्ते भविष्य जाणतात याला काही पुरावा नाही. ते बोलायला जागा देतात. वाचन बिघडतंय हे ओळखायची खूणही सोपी आहे: मनासारखं पान येईपर्यंत त्याच प्रश्नावर पुन्हा पुन्हा पिसणं. तसं होऊ लागलं की डेक महिनाभर कपाटात ठेवावा.

आणि मारहाण, धमक्या किंवा पाळत अजून चालू असेल तर पानं काढूच नका. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या वेळी 112 हे क्रमांक आहेत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मागता येतो. पूर्वी एकत्र राहिलेल्या आणि आता वेगळ्या झालेल्या स्त्रीलाही तो मागता येतो.