शुश्रूषा आराखड्याचे गुणदान : समस्यांचा प्राधान्यक्रम आणि कारणमीमांसा
(फवारणीतील विषबाधेच्या एका रुग्णप्रसंगाच्या आधारे)

प्रस्तावना

परिचर्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यास एक रुग्णप्रसंग दिला जातो व त्यावर शुश्रूषा आराखडा लिहावयास सांगितले जाते. निरीक्षण, परिचर्या निदान, उद्दिष्ट, कृती, कृतीमागील कारण आणि मूल्यमापन असे त्याचे रकाने असतात. रकाने भरलेले दिसले की गुण देण्याकडे परीक्षकाचा कल होतो. परंतु भरलेल्या रकान्यांवरून विद्यार्थ्याचा विचार कळतोच असे नाही. तो कळतो दोन ठिकाणी : कोणती समस्या आधी घेतली यात आणि ती आधी का घेतली यात. या दोन अंगांचे गुणदान कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रुग्णप्रसंग

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीत शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यात वीसहून अधिक मृत्यू झाले. कापूस पिकविणाऱ्या मराठवाड्यालाही हा विषय परका नाही. म्हणून लेखासाठी रचलेला प्रसंग कुरुंदा (ता. वसमत) परिसरातील घेतला आहे.

२८ वर्षांचा शेतमजूर सकाळपासून पाठीवरच्या पंपाने ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशक फवारीत होता. हातमोजे व मुखपट्टी नव्हती. दुपारी दोन वाजता त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले. तोंडातून लाळ व फेस, दोन उलट्या, अंग घामाने चिंब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, पोटऱ्यांचे स्नायू फडफडत आहेत. नाडी ५२, रक्तदाब ९०/६०, श्वसन ३०, ऑक्सिजन संपृक्तता ८४ टक्के, छातीत दोन्ही बाजूंनी खरखर. हाक मारल्यास डोळे उघडतो, उत्तरे असंबद्ध. अंगावरचा सदरा औषधाने भिजलेला आहे. पत्नी रडत आहे.

अपेक्षित क्रम

या विषामुळे ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निष्क्रिय होते व ॲसिटिलकोलिन साचत जाते. श्वसनमार्गात स्राव भरतो, नाडी मंदावते, स्नायू प्रथम फडफडतात व नंतर दुबळे पडतात. रुग्ण दगावतो तो प्रामुख्याने श्वसन थांबल्यामुळे. म्हणून स्रावांनी भरलेला श्वसनमार्ग व घटलेली वायुविनिमय क्षमता ही पहिली समस्या. दुसरी, मंद नाडी व कमी रक्तदाब. तिसरी, पुढे येऊ शकणारा श्वसनस्नायूंचा दुबळेपणा. पत्नीची भीती व फवारणीविषयीचे अज्ञान ही शेवटची.

भिजलेला सदरा या क्रमात कोठे बसतो, हा प्रश्न परीक्षकांत मतभेद घडवितो. कपडे अंगावर असेपर्यंत त्वचेतून विष आत जातच राहते. तेव्हा एका व्यक्तीने श्वसनमार्ग सांभाळावा आणि त्याच वेळी दुसरीने हातमोजे घालून कपडे काढावेत व अंग साबण-पाण्याने धुवावे, हे उत्तर पूर्ण गुणांचे. आधी स्नान व मग ऑक्सिजन असे लिहिणाऱ्याचा क्रम मात्र चुकला.

येथे पाठांतराचा एक नियम विद्यार्थ्यांना अडचणीत आणतो : 'प्रत्यक्ष समस्या आधी, संभाव्य समस्या नंतर'. या नियमाने पत्नीची चिंता ही प्रत्यक्ष समस्या म्हणून वर जाते आणि उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका केवळ संभाव्य म्हणून खाली. गुंगीत असलेल्या व उलट्या होणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हा क्रम धोक्याचा आहे. क्रम ठरतो तो कोणती समस्या किती लवकर जीव घेईल यावरून.

कारणमीमांसेची कसोटी

समजा २० गुणांपैकी ८ क्रमास, ८ कारणमीमांसेस आणि उरलेले ४ उद्दिष्ट व मूल्यमापनास ठेवले. कारणमीमांसेचे ८ गुण कसे द्यावयाचे? दोन उत्तरांची तुलना करू.

पहिला विद्यार्थी लिहितो : 'ऑक्सिजन द्यावा, कारण त्यामुळे शरीरास ऑक्सिजन मिळतो. रुग्णास अर्धवट बसवावे. कारण श्वास घेणे सुलभ होते. जठर धुवावे, कारण विष बाहेर पडते.' दुसरी विद्यार्थिनी लिहिते : 'संपृक्तता ८४ असून छातीत स्रावांची खरखर आहे, म्हणून प्रथम स्राव शोषून घेऊन मग ऑक्सिजन द्यावा. रुग्ण गुंगीत असून उलट्या होत आहेत, म्हणून डाव्या कुशीवर वळवून डोके किंचित खाली ठेवावे. विष त्वचेतून व श्वासातून गेले आहे, म्हणून जठर धुण्याने लाभ नाही.'

दोघांनीही पहिली समस्या श्वसनाचीच लिहिली आहे. क्रमाचे गुण जवळपास सारखे पडतील. परंतु पहिल्याची कारणे कोणत्याही रुग्णास चिकटविता येतील. त्याच्या लेखी हा दम्याचा रुग्ण असता तरी एकही वाक्य बदलले नसते, आणि विष पोटात गेलेच नाही हे प्रसंगात असूनही त्याने वाचलेले नाही. दुसरीच्या प्रत्येक कारणात प्रसंगातील एक निरीक्षण आहे, त्यातून निघणारी शरीरातील घडामोड आहे आणि तिला जुळणारी कृती आहे. हे तिन्ही दुवे असतील तर पूर्ण गुण. निरीक्षण नसेल व केवळ पाठ्यपुस्तकातील खरे विधान असेल तर अर्ध्याहून अधिक देऊ नयेत. शंका आल्यास परीक्षकाने प्रसंगातील एक आकडा मनातल्या मनात बदलून पाहावा. कारण जसेच्या तसे टिकले, तर ते पाठ केलेले आहे असे समजावे.

सर्वांत अधिक भेद दाखविणारी जागा म्हणजे ॲट्रोपिन. औषध वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आदेशाने दिले जाते. पण परिणाम पाहण्याचे काम परिचारिकेचे. पहिली मात्रा १.८ ते ३ मि.ग्रॅ., म्हणजे ०.६ मि.ग्रॅ.च्या किमान तीन कुप्या, आणि अपेक्षित परिणाम न दिसल्यास दर पाच मिनिटांनी दुप्पट. 'बाहुल्या मोठ्या झाल्या की थांबावे' असे अनेक जण लिहितात. बाहुल्या उशिरा बदलतात व त्या एकट्या फसव्या ठरतात. छाती खरखर-मुक्त होणे, नाडी ८० च्या वर व वरचा रक्तदाब ८० च्या वर जाणे, काखा कोरड्या होणे, यांवर लक्ष ठेवावयाचे असते. 'छाती कोरडी होईपर्यंत, कारण स्राव हाच श्वसन रोखतो' एवढे लिहिणाऱ्यास मात्रेचा आकडा चुकला तरी कारणाचे गुण द्यावेत, असे माझे मत आहे. छातीतील खरखर हृदयविकाराची समजून लघवी वाढविणारे औषध सुचविणाऱ्याचे मात्र निदानच चुकलेले असते.

तिसऱ्या समस्येवर बहुतेक उत्तरपत्रिका एका ओळीत उरकतात. साधारण २४ ते ९६ तासांत, लाळ व घाम थांबल्यानंतरही, मान व श्वसनाचे स्नायू दुबळे पडू शकतात. उशीवरून डोके उचलता येते का, हे वारंवार पाहावे, असे लिहिणारा विद्यार्थी केंद्रातून रुग्णास नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या ठिकाणी का पाठवावयाचे, हेही सांगू शकतो.

दोन सावधगिरी

एकाच चुकीसाठी दोनदा गुण कापू नयेत. विद्यार्थ्याने रक्ताभिसरण पहिले घेतले, तर क्रमाचे गुण जातील; पण त्या समस्येखाली दिलेली कारणे प्रसंगाशी सुसंगत असल्यास ती स्वतंत्रपणे तपासावीत. याउलट रुग्णास अपाय करणारी कृती, उदाहरणार्थ गुंगीतील रुग्णास मिठाचे पाणी पाजून उलटी करविणे, सुचविली असेल, तर इतर रकाने कितीही नीटनेटके असले तरी एकूण गुणांवर मर्यादा घालावी. ही मर्यादा किती, हे दोन्ही परीक्षकांनी तपासणीपूर्वी लिहून ठरवावे. पाच उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासून ताडून पाहिल्यास मतभेद कोठे आहेत ते लगेच दिसते, आणि तो बहुधा भिजलेल्या सदऱ्याच्या जागेवरच असतो.