चार टक्क्यांवरून एक्कावन्न टक्के

हिटलर सत्तेवर कसा आला, या प्रश्नाला १९२३ ची महागाई हे ठरलेलं उत्तर असतं. तेव्हा एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, हे खरंच आहे. पण त्यानंतर पाच वर्षांनी, मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना देशभर मिळाली ती जेमतेम २.६ टक्के मतं. त्यांना वर नेणारी परिस्थिती नंतर तयार झाली. ती पाहायची तर बर्लिनपेक्षा उत्तरेच्या श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये जावं.

डेन्मार्कला लागून असलेला हा शेतकरी, प्रोटेस्टंट मुलूख. १९१९ मध्ये इथल्या बहुसंख्य मतदारांनी समाजवादी आणि उदारमतवादी पक्षांना, म्हणजे लोकशाहीला कौल दिला होता. महागाईने इथल्या शेतकऱ्याचा एका परीने फायदाच केला, कारण जुनी कर्जं कवडीमोलाने फिटली. पण त्याच महागाईत हातातलं भांडवलही वितळलं. मार्क स्थिर झाल्यावर गुरं आणि खाद्य घ्यायला चढ्या व्याजाने पुन्हा कर्ज काढावं लागलं. मग मालाचे भाव उतरले. कर आणि हप्ते मात्र उतरले नाहीत. जप्त्या आणि लिलाव सुरू झाले.

जानेवारी १९२८ मध्ये प्रांतभरातून लाखाहून जास्त शेतकरी रस्त्यावर आले. नोव्हेंबरात बाइडेनफ्लेथ गावात थकलेल्या करापोटी जप्त केलेले बैल नेले जात होते. गावकऱ्यांनी वाटेवर पेंढा पेटवला, बैल बिथरले आणि परत गोठ्याकडे धावले. पुढच्या वर्षी सरकारी कचेऱ्यांत बॉम्ब फुटू लागले. शेतकऱ्यांच्या जुन्या संघटना आणि त्यांचे नेहमीचे पुराणमतवादी पक्ष यांच्यावरचा लोकांचा विश्वास उडाला होता आणि त्यांची जागा घेणारं कुणी नव्हतं.

ती जागा नाझींनी हेरली. त्यांच्या कार्यक्रमात मोबदला न देता जमीन घेण्याचं एक कलम होतं. शेतकरी बिचकतील म्हणून हिटलरने एप्रिल १९२८ मध्येच खुलासा केला, की ते ज्यू जमीन-दलालांच्या कंपन्यांपुरतंच आहे. शेतकऱ्याची भीती घालवली आणि त्याच वाक्यात त्याला शत्रूही दाखवला. या प्रांतात त्यांची मतं १९२८ मध्ये ४ टक्के होती, १९३० मध्ये २७ झाली आणि जुलै १९३२ मध्ये ५१. नोकरी गेलेला कारखान्यातला कामगार मात्र बहुधा कम्युनिस्टांकडे वळला. नाझींकडे जास्त ओढले गेले ते ज्यांच्याकडे अजून गमावण्यासारखं काही होतं असे लोक: शेतकरी, दुकानदार, कारागीर.

पण एवढ्याने सत्ता मिळत नाही. बर्लिनमध्ये संसद आधीच पोखरली जात होती. मार्च १९३० मध्ये बेकारी विम्याची वर्गणी किती वाढवायची यावर आघाडीत फूट पडली आणि सरकार गेलं. फरक होता अर्ध्या टक्क्याचा! नवे चॅन्सेलर ब्र्यूनिंग यांच्यामागे बहुमत नव्हतं. मग राज्यघटनेचं कलम ४८ कामी आलं. आणीबाणीत राष्ट्राध्यक्षाला वटहुकूम काढू देणारं हे कलम रोजच्या कारभाराचं साधन झालं. १९३१ मध्ये संसदेने ३४ कायदे केले, तर वटहुकूम निघाले ४४. याच वटहुकमांतून पगार आणि भत्ते कापले गेले, कर वाढले. १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार ६० लाखांवर गेले. माझ्या मते खरं नुकसान इथे झालं. मत दिल्याने काही बदलत नाही, हे लोकांना सरकारनेच शिकवलं.

जुलै १९३२ मध्ये नाझी आणि कम्युनिस्ट मिळून ६०८ पैकी ३१९ जागांवर होते. दोघांनाही लोकशाही नको होती आणि त्यांना वगळून बहुमत होत नव्हतं. तरीही हिटलर अटळ नव्हता. नोव्हेंबरात पुन्हा मतदान झालं तेव्हा नाझींची मतं ३७ वरून ३३ टक्क्यांवर घसरली. याच काळात माजी चॅन्सेलर पापेन आणि वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्याभोवतीच्या मंडळींनी हिशेब मांडला, की हिटलरला चॅन्सेलर करायचं, मंत्रिमंडळात मोजके नाझी घ्यायचे आणि दोरी आपल्या हातात ठेवायची. इटलीतही तसंच झालं होतं. १९२२ मध्ये ५३५ जणांच्या संसदेत मुसोलिनीचे अवघे ३५ खासदार असताना राजानेच त्याला पाचारण केलं होतं.

३० जानेवारी १९३३ ला हिटलरचा शपथविधी झाला. मंत्रिमंडळात त्याच्याखेरीज दोनच नाझी होते, फ्रिक आणि ग्योरिंग. पण ग्योरिंगकडे प्रशियाचं गृहखातं, म्हणजे तिथले पोलीस आले. चार आठवड्यांनी संसदेची इमारत जळाली आणि दुसऱ्याच दिवशी हिंडेनबुर्ग यांच्या सहीने भाषण, सभा आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य स्थगित झालं. तो वटहुकूमही कलम ४८ खालीच काढलेला होता. १९४५ पर्यंत तो मागे घेतला गेला नाही.