दाराशी कोण, हे कुठे कळतं?

एका जुन्या ग्रंथालयाची वेबसाइट मी गेली काही वर्षं सांभाळतो. एका सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन आला, "अहो, साइट उघडतच नाहीये." सर्व्हरवर जाऊन पाहिलं, तर येणाऱ्या डेटाचा आलेख नेहमीसारखाच सपाट होता. साइट मात्र मरणपंथाला लागली होती. मग नोंदवही, म्हणजे सर्व्हरचा लॉग, उघडला. त्यात अशा ओळी धो धो वाहत होत्या:

```
GET /shodh?q=a8f3k
GET /shodh?q=zz19d
GET /shodh?q=p0vq7
```

कोणीतरी आमच्या कॅटलॉगमध्ये अस्तित्वातच नसलेली पुस्तकं शोधत होतं, आणि तेही शेकडो ठिकाणांहून. आमच्या साइटसमोर डीडॉस संरक्षण होतं आणि वॅफही, म्हणजे वेब ॲप्लिकेशन फायरवॉल. दोन्ही चालू होती आणि दोघांनीही काहीच अडवलं नाही. असं का झालं हे समजून घेताना मला कळलं की आपण 'सुरक्षा' असा एकच शब्द वापरतो, पण तिच्या प्रत्येक थराला वेगळीच गोष्ट दिसते.

सर्वांत बाहेरच्या थराला फक्त लोंढा दिसतो. त्याचं गाजलेलं उदाहरण २८ फेब्रुवारी २०१८चं. आपल्याकडे रात्रीचे पावणेअकरा वाजून गेले होते, तेव्हा गिटहब या साइटवर सेकंदाला १.३५ टेराबिट इतका डेटा येऊन आदळला. हल्लेखोरांकडे एवढी ताकद नव्हती, त्यांनी ती उसनी घेतली होती. मेमकॅश्ड नावाचा एक प्रोग्रॅम अनेकांनी आपल्या सर्व्हरवर उघडा टाकलेला होता. त्याला यूडीपी पद्धतीने प्रश्न विचारला की पाठवणारा खरोखर कोण आहे याची खातरजमा न करताच तो उत्तर धाडतो. हल्लेखोरांनी प्रश्नावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून गिटहबचा पत्ता घातला. अशा हल्ल्यांत १५ बाइटच्या प्रश्नाला तब्बल ७५० किलोबाइटचं उत्तर गेल्याचं पाहण्यात आलं आहे, म्हणजे पन्नास हजार पटींहून जास्त.

इथे स्वतःच्या सर्व्हरवर कितीही कडक फायरवॉल लावली तरी तिचा उपयोग होत नाही. तुमची लाइन १ गिगाबिटची असेल, तर नको ती पाकिटं फायरवॉलपर्यंत पोचून फेकली जाण्याआधीच ती लाइन तुडुंब भरलेली असते. म्हणून हा लोंढा वाटेतच, तुमच्यापेक्षा फार मोठ्या जाळ्याला पेलावा लागतो. गिटहबने आपल्याकडे येणारी वाहतूक अकामाई कंपनीच्या जाळ्यातून वळवली आणि सुमारे दहा मिनिटांत साइट सावरली. अशा जाळ्यांत एकच पत्ता जगभरच्या अनेक केंद्रांवरून जाहीर केलेला असतो. त्यामुळे लोंढा फुटून विखुरतो, आणि कोणी न मागितलेली यूडीपी उत्तरं प्रत्येक केंद्र आपापल्या दारातच टाकून देतं.

हा थर पाकिटं मोजतो, त्यांच्या आत काय लिहिलंय हे त्याला कळत नाही. माझ्या ग्रंथालयावर आलेल्या विनंत्या चिमुकल्या होत्या. प्रत्येक जेमतेम एक किलोबाइटची आणि सेकंदाला दोनशे. म्हणजे दोनशे किलोबाइट; घरच्या ब्रॉडबँडलाही त्याचं काही वाटणार नाही.

पण शोध ही महागडी गोष्ट असते. आमच्या डेटाबेसला एका वेळी चाळीस जोडण्या झेपतात आणि एका शोधाला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला फार तर ऐंशी शोध. त्यात दोनशे आले की रांग वाढतच जाते, आणि खऱ्या वाचकाचा शोध त्या रांगेच्या शेपटाशी उभा राहून वेळ संपल्यावर बाद होतो. साइटचं मुखपृष्ठ बाहेरच्या जाळ्यात साठवून ठेवता येतं, तसे एकदा विचारलेल्या शोधांचे निकालही ठेवता येतात. म्हणूनच हल्लेखोर दर वेळी नवी निरर्थक अक्षरं पाठवत होता, म्हणजे साठवलेलं उत्तर चालणार नाही आणि प्रत्येक विनंती डेटाबेसपर्यंत पोचेल.

मग वॅफ काय करत होती? ती पाकीट उघडून मजकूर वाचते, पण तिचा प्रश्न वेगळा असतो: या मजकुरात घातक काही आहे का? शोधाच्या चौकटीत कोणी असं लिहिलं, तर ती सावध होते:

```
' OR '1'='1
```

ही डेटाबेसला फसवून सगळ्या नोंदी उघडायला लावण्याची जुनी खेळी आहे. बऱ्याच वॅफमध्ये ओवॅस्पचा मोफत नियमसंच असतो. त्यातला प्रत्येक नियम गुण देतो; गंभीर खुणेला पाच गुण, आणि मूळ मांडणीत पाच गुण झाले की विनंती बाद. 'a8f3k' या शब्दात मात्र घातक काहीच नाही. त्याला शून्य गुण. वॅफने तो आत सोडला, आणि तिच्या कामाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

याची उलट बाजूही आहे. कोणी घाईने 'अवतरणचिन्ह दिसलं की अडवा' असा कच्चा नियम लिहिला, तर वसईचे किंवा गोव्याचे `D'Souza` नावाचे सभासद नोंदणी करूच शकत नाहीत. म्हणून नवा नियम आधी एक-दोन आठवडे नुसता नोंद करण्यावर ठेवावा, कोणकोण अडलं असतं ते रोज वाचावं आणि मगच अडवायला लावावा. आणि पावतीच्या पत्त्यात `id=1042`च्या जागी कोणी `1043` टाकून दुसऱ्याची पावती पाहिली, तर ती विनंती अगदी निर्मळ दिसते. ती वॅफला नाही, तर पावती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमलाच पकडावी लागते.

आमच्या हल्ल्याला लागणारा थर या दोघांच्या मधला होता: विनंत्यांचा वेग मोजणारा. पहिला विचार आला, एका पत्त्यावरून मिनिटाला तीसपेक्षा जास्त शोध नकोत. पण हल्ला चारशे पत्त्यांवरून होता आणि प्रत्येक पत्ता मिनिटाला तीसच शोध करत होता. मर्यादा पाचवर आणावी, तर आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे बसवतात. मग त्या पत्त्यामागचे सगळे वाचक एकदम बाहेर. शेवटी फक्त `/shodh` या पत्त्यापुरती ब्राउझरची चाचणी लावली. पानाबरोबर एक छोटा प्रोग्रॅम जातो, खरा ब्राउझर तो चालवून उत्तर परत देतो, हल्लेखोराची साधी स्क्रिप्ट देऊ शकत नाही. खराखुरा ब्राउझर चालवणारा हल्लेखोर ही चाचणी पार करू शकतो, म्हणून डेटाबेसकडे एका वेळी तीसच शोध जातील अशी मर्यादाही घातली. तासाभरात साइट उघडू लागली.

दुपारी पुन्हा बंद. या वेळी बाहेरच्या जाळ्याच्या नोंदीत काहीच नव्हतं आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र तेच शोध. हल्लेखोर जाळ्याला वळसा घालून थेट आमच्या सर्व्हरवर येत होता. पत्ता त्याला आम्हीच दिला होता. संपर्काचा फॉर्म भरला की पोच देणारी ईमेल आमचा सर्व्हर स्वतः पाठवायचा, आणि तिच्या शीर्षकमजकुरात त्याचा खरा आयपी पत्ता असायचा. हे तपासायला एक ओळ पुरते (पत्ते नमुन्याचे आहेत):

```
curl -I --resolve example.org:443:203.0.113.10 https://example.org/
```

बाहेरच्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून ही ओळ चालवून `200` आलं, तर पुढचे सगळे थर असून नसल्यासारखे. आमच्याकडे `200` आलं. ईमेल वेगळ्या सेवेकडे दिली, सर्व्हरचा पत्ता बदलून घेतला आणि त्याच्या फायरवॉलमध्ये फक्त जाळ्याच्या पत्त्यांना प्रवेश ठेवला. संध्याकाळी नव्या पत्त्यावर तीच ओळ पुन्हा चालवली. बराच वेळ काहीच आलं नाही, आणि मग `Connection timed out`. ग्रंथपालबाईंना फोन करून सांगितलं, आता एखादं पुस्तक शोधून बघा.