पुसट चिन्ह आणि तपकिरी वायू

भाचीनं रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेचा फोटो पाठवला. कागदाची घडी नेमकी ΔH वरून गेली होती. 57 किलोज्यूल दिसत होतं, आधीचं चिन्ह नाही. समीकरण मात्र स्पष्ट होतं: 2NO₂(g) ⇌ N₂O₄(g). "मामा, तापवलं तर समतोल कुठे सरकेल?"

चिन्हावाचूनही उत्तर निघतं. पुढे जाताना NO₂ च्या दोन रेणूंमध्ये नवा बंध जुळतो. बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते, म्हणजे ΔH उणेच. तापवल्यावर समतोल डावीकडे सरकतो आणि तपकिरी NO₂ वाढतो. बंद नळी गरम पाण्यात गडद दिसते, बर्फात फिकी.

दाबाच्या प्रश्नात मात्र हमखास चूक होते. सिरिंजचा दट्ट्या दाबून आकारमान निम्मं केलं, की समतोल कमी रेणूंच्या बाजूला, रंगहीन N₂O₄ कडे सरकतो. म्हणून मुलं "रंग फिका होईल" असं लिहून मोकळी होतात. प्रत्यक्षात रंग आधी एकदम गडद होतो, कारण NO₂ ची संहती क्षणात दुप्पट होते. मग तो थोडा उतरतो, तरी मूळच्यापेक्षा गडदच राहतो. समतोल सरकल्यानं बदलाचा काही भागच भरून निघतो, सगळा कधीच नाही.

शेवटचा उपप्रश्न मला फार आवडला: आकारमान तेच ठेवून आरगॉन सोडला तर? एकूण दाब वाढतो खरा, पण NO₂ आणि N₂O₄ यांच्या संहती होत्या तेवढ्याच राहतात. समतोल जागचा हलत नाही.