टेलिग्रामवर निरोप आत्ता लिहा, पोचू द्या सकाळी

समजा, आपण नाशिकला आहात आणि भाचा न्यू जर्सीत. जुलै महिना आहे, आपल्याकडे सकाळचे ११ वाजलेत. त्याच्याकडे रात्रीचा दीड. निरोप आत्ताच लिहून टाकायचाय, पण त्याची झोप मोडायची नाही. टेलिग्राममध्ये याला दोन वाटा आहेत.

आधी निरोप पूर्ण लिहा. चौकट रिकामी असेल तर पाठवायच्या बाणाऐवजी माइकचं चित्र दिसतं आणि पुढचं काहीच जमत नाही. बरेच जण इथेच अडतात.

आता बाणावर बोट दाबून धरा. नुसतं टेकवलंत तर निरोप तत्क्षणी जाईल. संगणकावर बाणावर माउसचं उजवं बटण दाबा. छोटी यादी उघडेल. त्यातले `Send Without Sound` आणि `Schedule Message` हे दोन पर्याय आपल्या कामाचे.

पहिला पर्याय बिनआवाजी. निरोप लगेच जातो, फक्त समोरचा फोन वाजत नाही की थरथरत नाही. सूचना मात्र पडद्यावर येते. भाचा जागा असेल, फोन हातात असेल, तर त्याला ती दिसेलच.

दुसरा पर्याय वेळ ठरवून पाठवण्याचा. इथे दिवस आणि वेळ निवडायची, आणि सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात, कारण ही वेळ आपल्या फोनची असते, भाच्याच्या गावची नाही. त्याला सकाळी ८ ला निरोप हवा, म्हणून ८ लावले तर तो आपल्या ८ ला जाईल. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यामागे साडेनऊ तास असते, म्हणून संध्याकाळचे ५:३० लावायचे. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की तेच ६:३० होतात. फोनवर खालच्या बटणावर निरोप कुठल्या दिवशी, किती वाजता जाणार ते लिहिलेलं असतं. बटण दाबण्याआधी ते वाचाच. सकाळ-संध्याकाळची चूक तिथे लगेच कळते.

ठरवलेला निरोप टेलिग्रामच्या सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या संगणकावर, थांबतो. त्यामुळे त्या वेळी आपला फोन बंद असला तरी चालतं. मात्र `Secret Chat` या गुप्त संभाषणात वेळ ठरवता येत नाही, कारण ते संभाषण सर्व्हरवर ठेवलंच जात नाही.

दोन्ही सोयी एकत्र हव्या असतील तर संगणकावर वेळेच्या चौकटीतल्या `Schedule` बटणावरही उजवं बटण दाबा. तिथे बिनआवाजी पाठवण्याचा पर्याय मिळतो. भाच्याची सुट्टी असेल, तो उशिरापर्यंत झोपणार असेल, तर हे बरं.

बेत बदलला तर लिहायच्या चौकटीत आलेलं कॅलेंडरचं चित्र दाबा. थांबलेले निरोप तिथे दिसतात. हवा तो दाबून धरला की मजकूर किंवा वेळ बदलता येते, लगेच पाठवता येतो, नाहीतर खोडता येतो. वेळ होण्याआधी खोडलात, तर भाच्याला त्याचा पत्ताही लागत नाही.